घशाच्या गाठी आणि काकांची खर्चाची वही

जून उजाडला, शाळा सुरू झाली आणि पावसाची पहिली झड लागली की आमच्या घरात एकेकाचा घसा धरायला सुरुवात व्हायची. सांगलीच्या गावभागातलं ते घर, दोन भावांचे दोन संसार आणि वर आजी. आम्ही पाच भावंडं एकाच माजघरात ओळीनं झोपायचो. एकाला ताप आला की चार दिवसांत दुसऱ्याला येणार, हे आई आणि काकू न सांगताही धरून चालायच्या. १९७० ते ८५ या काळात महाराष्ट्रातल्या लहान गावांत वाढलेल्या कुणालाही हे घर ओळखीचं वाटेल.

सकाळी उठल्यावर आवंढा गिळताना दुखलं तरी शाळा बुडेल म्हणून काही मुलं बोलायची नाहीत, आणि काही नेमकी त्याचसाठी बोलायची. आजी दोघांनाही एकच करायची. उजेडात उभं करून “आ कर” म्हणायची, जिभेवर चमच्याचा दांडा ठेवायची आणि बघून निकाल द्यायची, “गाठी सुजल्यात.” मग हळद-मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, चघळायला ज्येष्ठमधाची काडी, रात्री हळद घातलेलं दूध. दोष कुणाचा हेही ठरलेलं असे. शाळेच्या फाटकाशी मिळणाऱ्या चिंचा आणि बोरं, नाहीतर गारेगारवाल्याचा बर्फ. गल्लीतली एक म्हातारी ‘पडजीभ पडली’ म्हणून अंगठ्याला राख लावून घसा दाबून द्यायची. आमच्या आजीनं मात्र आम्हाला तिच्याकडे कधी नेलं नाही.

दोन दिवसांत उतार पडला नाही की फॅमिली डॉक्टर. बाकावर बसून नंबर लागायची वाट बघायची, डॉक्टर टॉर्च मारून घसा बघायचे, मानेवर जबड्याखाली दोन्ही बाजूंनी बोटं फिरवायचे, काखेत थर्मामीटर लावायचे. कंपाउंडर बाटलीत लाल औषध भरून त्यावर डोसांच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. कधी काडीच्या टोकाला गुंडाळलेल्या कापसानं तपकिरी औषध घशात फिरवलं जायचं, त्याची आयोडीनची चव संध्याकाळपर्यंत जायची नाही. आणि घशात पांढरे ठिपके दिसले की पेनिसिलीनचं इंजेक्शन. उकळत्या पाण्याच्या भांड्यातून काचेची सिरिंज चिमट्यानं बाहेर आली की आमची रडारड सुरू व्हायची.

पुढे मी मुलांची डॉक्टर झाले. आता मागे वळून बघते तेव्हा त्या घरातल्या दोन मुलांची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. माझा चुलत भाऊ नंदू आणि माझी धाकटी बहीण सुमन. दोघांचेही घसे सतत धरत. दोघांनाही एकाच दिवशी मिरजेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेलं. एकाच्या गाठी काढल्या, दुसरीच्या काढल्या नाहीत. त्या दिवशी त्या डॉक्टरांनी ज्या हिशोबानं निर्णय घेतला, तो हिशोब प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवा.

त्याआधी आमच्या आत्याच्या घरी काय झालं होतं ते सांगायला हवं. १९६० च्या दशकात आत्याच्या तीनही मुलांच्या टॉन्सिल्स एकाच मे महिन्यात, एकाच दिवशी काढल्या गेल्या. थोरल्याला वारंवार त्रास होता. धाकट्या दोघांच्या गाठी ‘मोठ्या दिसतात’, तेव्हा उरकूनच टाकू, असं ठरलं. तेव्हा जगभर हेच चालू होतं, तेही बऱ्याच आधीपासून. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अकरा वर्षांच्या १००० शाळकरी मुलांपैकी ६११ जणांच्या टॉन्सिल्स आधीच काढलेल्या निघाल्या. उरलेल्या ३८९ जणांना डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सुचवलं. राहिलेल्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर त्यांनीही त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तेच सांगितलं. म्हणजे निर्णय मुलाच्या घशावरून होत नव्हता, बघणाऱ्याच्या सवयीवरून होत होता.

त्यानंतर वारं उलट फिरलं. पेनिसिलीन स्वस्त झालं, गोड सिरप आली, आणि ‘गाठी काढायच्या कशाला, गोळ्या देऊ’ असं सुरू झालं. नंदू त्या काळातला. तिसरी-चौथीत होता. दर महिना-दीड महिन्यानं ताप, गिळता न येणं, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, तोंडाला वास. औषध सुरू केलं की दोन दिवसांत ताप उतरायचा, तिसऱ्या दिवशी तो अंगणात खेळायचा आणि बाटली तशीच फडताळात राहायची. काकू त्याच बाटलीतलं उरलेलं औषध पुढच्या वेळी काढायची.

इथे थोडं थांबून घशाकडेच बघू. मुलांचे बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात, त्यांना कुठलंही अँटिबायोटिक उपयोगाचं नाही. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल झालेत, तर ते विषाणूचंच काम असण्याची शक्यता मोठी. ते पाच-सात दिवसांत आपोआप बरं होतं. ज्याला औषध हवंच असा मुख्य जंतू म्हणजे ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस. त्यामुळे घसा अचानक दुखू लागतो, ताप चढा असतो, गाठींवर पांढरे-पिवळे ठिपके येतात, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी हाताला दुखऱ्या लागतात, आणि खोकला-सर्दी सहसा नसते. तरीही नुसत्या नजरेनं खात्री होत नाही. घशातला स्वॅब घेऊन तो वाढवून बघितला तर एक-दोन दिवसांत उत्तर मिळतं. आता काही मिनिटांत सांगणारी तपासणीही आहे.

या जंतूवर पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन आजही लागू पडतं, पण तोंडानं द्यायचं तर दहा दिवस. ताप दोन दिवसांत उतरतो, म्हणून घराघरात ते तिसऱ्या दिवशी थांबतं. दहा दिवस का, याचं उत्तर आमच्या वाड्यासमोरच होतं. समोरच्या घरातल्या मुलीला घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आधी गुडघा सुजला, मग तो बरा होऊन घोटा सुजला. सांधे सुधारले, पण हृदयाची झडप खराब झाली. तो संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. त्यानंतर दर एकवीस दिवसांनी तिला लांब टिकणाऱ्या पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागे, आणि ती शाळेत लंगडत यायची ते त्याच दिवशी. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी हा ताप टळू शकतो. म्हणून आपल्या देशात स्ट्रेपच्या घशाला अँटिबायोटिक नाकारून चालत नाही. पण हृदय वाचवण्यासाठी टॉन्सिल्स काढायच्या, हे मात्र खरं नाही. तिथे काम औषधाचं आहे, ऑपरेशनचं नाही.

मिरजेला जायचा दिवस मला नीट आठवतो. काकांनी नंदूला घेतलं होतं, आईनं सुमनला, आणि मी हट्टानं सोबत गेले. डॉक्टरांनी दोघांचेही घसे पाहिले. सुमनच्या गाठी नंदूच्यापेक्षा मोठ्या होत्या, जवळजवळ मधोमध एकमेकींना टेकतील इतक्या. आईला वाटलं, आता हिचंच ऑपरेशन आधी सांगणार. डॉक्टरांनी विचारलं ते वेगळंच.

“गेल्या वर्षभरात किती वेळा झालं?”

“डॉक्टर, सारखंच चालू असतं,” आई म्हणाली.

“सारखं म्हणजे किती वेळा? आणि त्यात ताप किती वेळा होता?”

आईला सांगता येईना. काकांनी पिशवीतून लांबट, लाल कापडी बांधणीची वही काढली. काका एका सरकारी कचेरीत कारकून होते. दूध, किराणा, फी, औषध, सगळं त्या वहीत तारखेनिशी चढायचं. ‘डॉ. फी, नंदू, घसा, ताप १०२, इंजेक्शन’ असंही त्यात होतं. थर्मामीटर आमच्याकडे काकांच्याच ताब्यात असे आणि आकडा लिहिल्याशिवाय ते तो झटकत नसत.

डॉक्टरांनी वही पुढ्यात ओढली आणि पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली. नंदूच्या नावावर त्या वर्षी घशाच्या नऊ नोंदी होत्या. त्यातल्या तीन ठिकाणी सर्दी-खोकला लिहिला होता आणि ताप नव्हता, त्या त्यांनी वगळल्या. राहिल्या सहा. आदल्या वर्षीच्या आठ नोंदींपैकी पाच टिकल्या. मग त्यांनी आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मागितल्या. त्याही काकांनी वहीला टाचून ठेवल्या होत्या. कुठे ‘गाठींवर ठिपके’, कुठे ‘मानेच्या गाठी सुजलेल्या’ असं लिहिलं होतं. सुमनच्या नावावर त्या वर्षी चार खऱ्या नोंदी निघाल्या, आदल्या वर्षी एक.

“मुलाच्या काढू या. मुलीच्या नको,” डॉक्टर म्हणाले.

“पण हिच्या गाठी मोठ्या आहेत ना?” आईनं विचारलं.

“मोठ्या असणं हा आजार नाही, वहिनी. या वयात त्या मोठ्याच असतात, दहा-बारा वर्षांच्या वयानंतर आपोआप लहान होत जातात. रात्री घोरते का? झोपेत श्वास मधेच अडकतो, दचकून उठते, असं होतं का?” तसं काही होत नव्हतं. “तसं असतं तर एकदाही घसा न दुखता मी काढा म्हणालो असतो. ते कारण वेगळं आहे.”

डॉक्टरांच्या हिशोबाचा उगम मला पुढे शिकताना सापडला. अमेरिकेत पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात जॅक पॅराडाइज नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी या एका प्रश्नाचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. १९८४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यातली अट आजही जगभर वापरली जाते. एका वर्षात सात वेळा. किंवा लागोपाठ दोन वर्षं, दर वर्षी पाच वेळा. किंवा लागोपाठ तीन वर्षं, दर वर्षी तीन वेळा. आणि यातली प्रत्येक वेळ मोजण्याजोगी ठरायला घसादुखीबरोबर चारपैकी किमान एक गोष्ट असली पाहिजे: १०१ अंशांच्या वर ताप, मानेच्या सुजलेल्या किंवा दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरा थर, किंवा स्ट्रेपची तपासणी होकारार्थी. शिवाय ते त्या त्या वेळी डॉक्टरांनी पाहून लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. नंदू दुसऱ्या अटीत बसत होता, पाच आणि सहा. सुमन कुठल्याच अटीत बसत नव्हती.

लिहून ठेवण्यावर एवढा भर का, याचं उत्तर पॅराडाइज यांच्याच १९७८ सालच्या एका अभ्यासात आहे. ज्यांच्या घरचे ‘सारखा घसा धरतो’ म्हणत होते पण ज्यांची नोंद नव्हती, अशी ६५ मुलं त्यांनी निवडली आणि पुढे काळजीपूर्वक पाहिली. सांगितलं होतं तसं वारंवार आणि तसंच तीव्र आजारपण त्यांतल्या फक्त ११ मुलांना आलं. आईबाप खोटं बोलत नव्हते. रात्रभर कपाळावर घड्या ठेवणाऱ्या आईला दोन आजारपणं चारसारखी वाटतात, आणि साध्या सर्दीचा घसाही त्याच गाठोड्यात जातो.

आणखी एक गोष्ट या अभ्यासांनी दाखवली. अटीत बसणाऱ्या मुलांना ऑपरेशननं पहिली दोन वर्षं स्पष्ट फायदा झाला. पण ज्यांनी ऑपरेशन केलं नाही, त्यांचेही घसे हळूहळू कमी दुखू लागले, कारण मूल मोठं होतं आणि त्याचं शरीर शिकतं. २००२ साली पॅराडाइज यांनी मध्यम त्रास असलेल्या मुलांवर पाहिलं, तेव्हा फायदा इतका थोडा निघाला की ऑपरेशनची भूल, वेदना आणि रक्तस्रावाचा धोका घ्यावा असं त्यांना वाटलं नाही. म्हणून अटीपेक्षा कमी त्रास असेल तर आज आधी वर्षभर नीट लक्ष ठेवतात आणि प्रत्येक खेपेचा तेवढ्यापुरता इलाज करतात. अटीला थोडे अपवादही आहेत: टॉन्सिलच्या मागे पू साठून एकाहून अधिक वेळा गळू होणं, किंवा बऱ्याच अँटिबायोटिकांची ॲलर्जी असणं, अशा वेळी आकडा पुरा होण्याची वाट बघत नाहीत. रक्तातली ‘ए.एस.ओ.’ वाढलेली आली एवढ्यावरून मात्र काहीच ठरत नाही. ती जंतू पूर्वी कधीतरी येऊन गेल्याचं सांगते, आजचा घसा कशाचा आहे ते सांगत नाही. तो कागद घेऊन ‘आता काढायलाच हव्यात ना?’ असं विचारणारे पालक माझ्याकडे आजही येतात.

नंदूचं ऑपरेशन वार्षिक परीक्षेनंतर झालं. मधे एकदा घसा धरला होता, म्हणून ताप उतरल्यावर आणखी तीन आठवडे थांबले. सुजलेल्या गाठींना हात लावला तर रक्त जास्त जातं. डॉक्टरांनी काकूला खोदून विचारलं, घरात कुणाला दात काढल्यावर रक्त थांबत नव्हतं का, लहानसहान धक्क्यानं काळे-निळे डाग पडतात का. रक्ताच्या तपासणीपेक्षा हे प्रश्न मोठे. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, सकाळी भूल, आणि तासाभरात नंदू खोलीत परत आला.

त्यानंतरचे दहा दिवस आमच्या घराला नवे होते. दुसऱ्या दिवशी गाठींच्या जागी पांढरट थर दिसला आणि काकू घाबरली, पू झाला म्हणून. तो पू नसतो. उघड्या जखमेवर घशात अशीच खपली धरते, तिचा वासही येतो, आणि तिच्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. चौथ्या दिवशी कान दुखतो म्हणून तो रडला. कान चांगला होता. घशाची आणि कानाची जाणीव एकाच नसेतून जाते, म्हणून घशाचं दुखणं कानात उमटतं. काकांनी कबूल केलेलं आइस्क्रीम मिळालंच, मऊ भात आणि ताकही. आज आम्ही खाण्यावर फारशी बंधनं घालत नाही, पाणी मात्र भरपूर प्यायला लावतो, कारण घसा कोरडा पडला की जास्त दुखतो, आणि दुखतो म्हणून मूल आणखी पीत नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल वेळेवर द्यायचं, मूल रडायची वाट बघायची नाही. कोडीन असलेलं औषध अठरा वर्षांखालच्या मुलाला या ऑपरेशननंतर द्यायचंच नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन झपाट्यानं बनतं आणि श्वास मंदावतो.

डॉक्टरांनी काकूला एक गोष्ट दोनदा बजावली होती. रक्त एक तर पहिल्या दिवशी जातं, नाहीतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, खपली सुटताना. शंभरात दोन-चार मुलांना असं होतं. मूल झोपेत रक्त थुंकत नाही, गिळतं. म्हणून झोपेत ते पुन्हा पुन्हा आवंढे गिळताना दिसलं, किंवा उलटीत काळपट रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. काकू त्या रात्री त्याच्या गळ्यावर नजर ठेवून बसायची. नंदूला तसं काही झालं नाही. पुढच्या वर्षी त्याचा घसा एकदा धरला, तोही सर्दीचा.

आजीला एक शंका कायम होती. देवानं दिलेल्या गाठी उगाच का दिल्या असतील? ती शंका रास्त होती. त्या गाठी घशाच्या दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यांसारख्या आहेत, येणारे जंतू ओळखायला शरीर तिथे शिकतं. काढल्यावर मूल दुबळं होत नाही, कारण जिभेच्या मुळाशी, नाकामागे आणि मानेत तसंच काम करणाऱ्या बऱ्याच जागा आहेत. पण म्हणूनच त्या कारणाशिवाय काढायच्या नसतात.

सुमनचं काय झालं? त्या वर्षी तिच्यासाठीही वहीत वेगळं पान उघडलं गेलं. घसा दुखला की तापाचा आकडा, सर्दी आहे की नाही, औषध दिलं तर किती दिवस, हे आई लिहू लागली, आणि औषध दिलंच तर दहा दिवस पुरं करू लागली. पुढच्या वर्षी दोन नोंदी झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी एक. सातवीत गेल्यावर ते पान कोरंच राहिलं. तिच्या गाठी आजही जागेवर आहेत.

तुमच्या घरात शाळेत जाणारं मूल असेल आणि त्याचा घसा सारखा धरत असेल, तर एक वही करा. तारीख, ताप, सर्दी-खोकला होता का, डॉक्टरांनी घशात काय पाहिलं, स्वॅब घेतला तर त्याचं उत्तर आणि औषध किती दिवस घेतलं, एवढंच लिहा. सर्दीच्या घशाला अँटिबायोटिक मागू नका, आणि डॉक्टरांनी दिलेलं अर्ध्यावर सोडू नका. मूल रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर वहीची वाट न बघता दाखवा. आणि ऑपरेशनबद्दल विचारायला जाल तेव्हा ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. निर्णय गाठींच्या आकारावरून नको, कंटाळ्यावरून नको. त्या नोंदींवरून होऊ द्या.